सात आणि √५० यांच्यामधली फट

"मी नववीला गणित शिकवतो. करणीचा धडा आला की दरवर्षी कुणीतरी विचारतंच, 'सर, १/√२ लिहिलं काय आणि √२/२ लिहिलं काय, किंमत तीच ना? मग हा खटाटोप कशाला?' मी म्हणतो, 'छेदात करणी ठेवायची नसते.' पण का नसते, हे माझं मलाच धड सांगता येत नाही. यंदा एका मुलीने तर परिमेयीकरण करायचंच सोडून दिलंय. हुशार आहे, पण गुण जातायत. तिला काय सांगू?"

मी सरांना म्हटलं, मुलीला घेऊनच या. अशा तक्रारीत मूल सहसा बरोबर असतं आणि अडचण उत्तर देणाऱ्याची असते, हा माझा अनुभव. या वेळीही तसंच निघालं. तिच्या वहीत एकही उत्तर चुकीचं नव्हतं, फक्त √५० चं √५० आणि १/√२ चं १/√२ राहिलेलं. "१/√२ आणि √२/२, दोन्हींचं ०.७०७१ च येतं," ती म्हणाली. ते मान्य करूनच मी सुरुवात केली.

आधी नेहमीचं कारण काढलं. दोघांना कागद दिला. सरांनी १ ला १.४१४२ ने भागायचं, तिने १.४१४२ ची निम्मी करायची. तिचं एका ओळीत झालं, सरांचा भागाकार पानभर चालला. शिवाय √२ चा आणखी एक अंक घ्यायचा म्हटलं, तर तिला फक्त तो पुढचा अंक निम्मा करायचा होता. सरांचा मात्र भाजकच बदलला, म्हणजे भागाकार पहिल्यापासून. हाताने आकडेमोड करणाऱ्यांना हे कारण पुरेसं होतं. पण ती म्हणाली, "आता हाताने कोण भागतं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बहुतेक शिक्षक इथेच थांबतात आणि मूल हातचं जातं.

मग मी आलेख कागद काढला. ५ बाजूचा चौरस आखून त्याचा कर्ण काढायला लावला. २५ अधिक २५, म्हणजे कर्ण √५०. मोजून पाहिला तर ७ एकक आणि वर किंचित. त्या किंचितला आम्ही 'फट' म्हटलं. विचारलं, "अशा किती फटी ओळीने ठेवल्या की १ एकक भरेल?" तिने लगेच मांडलं, १/(√५० − ७).

"आता √५० ची किंमत तू एका दशांश स्थळापर्यंत घे, सर दोन घेतील, मी तीन घेते."

तिने ७.१ घेतली. फट ०.१, उत्तर १०. सरांची ७.०७, उत्तर १४.२९. माझी ७.०७१, उत्तर १४.०८. गणित एक, माणसं तीन, उत्तरं तीन, आणि तिचं तर चारने कमी. तिला वाटलं प्रश्नातच काहीतरी गोम आहे.

मग म्हटलं, आता परिमेयीकरण कर. तिने अंश-छेदाला √५० ने गुणलं. छेद झाला ५० − ७√५०, करणी जागच्या जागी. मग √५० − ७ ने गुणून पाहिलं. छेद ९९ − १४√५०, पुन्हा तेच. मी मुद्दाम गप्प राहिले. सरांचे ओठ हलत होते, त्यांनाही खुणेने थांबवलं. 'अनुबद्ध जोडी' हा शब्द तिला पाठ होता, पण ती जोडी का घ्यायची ते या दोन फसलेल्या प्रयत्नांतून दिसतं. चिन्ह उलटं घेतलं, म्हणजे √५० + ७ ने गुणलं, तरच मधली दोन पदं एकमेकांना खातात. छेदात ५० − ४९, म्हणजे १ उरतो. उत्तर सरळ √५० + ७.

त्याच तीन किमती पुन्हा घातल्या. तिचं १४.१, सरांचं १४.०७, माझं १४.०७१. तिघं एका ठिकाणी आलो.

ती बराच वेळ दोन्ही ओळींकडे बघत बसली. मग तिनेच शोधलं की ७.१ घेताना आपण साधारण ०.०३ ने चुकलो होतो. फटच मुळी ०.०७ ची, त्यात ०.०३ ची चूक म्हणजे जवळजवळ निम्मी. तीच चूक १४ मध्ये मिसळली तर कळतही नाही. जवळजवळ सारख्या दोन संख्या वजा केल्या की पुढचे खात्रीचे अंक उडून जातात आणि मागची चूक तेवढी हातात राहते.

"कॅल्क्युलेटरवर नाही होणार असं," ती म्हणाली. माझ्या टेबलावर साधा आठ अंकी पडलेला असतो. त्यावर १/(√१६०००००१ − ४०००) काढायला दिलं. वर्गमूळ ४०००.०००१ दिसलं, फट ०.०००१, उत्तर १००००. परिमेयीकरण करून आलं ८०००.०००१. खरं उत्तर हे दुसरं. खरं वर्गमूळ ४०००.०००१२५ च्या आसपास आहे, पण शेवटचे दोन अंक पडद्यावर मावलेच नाहीत.

√५० चं ५√२ कशाला करायचं, हा सरळ रूपाचा मुद्दा त्याच चौरसात उरकला. कर्णावर, कोपऱ्यापासून तीन घरं उजवीकडे आणि तीन वर, एक खूण केली. कर्णाचे दोन तुकडे झाले, √१८ आणि √८. बेरीज विचारल्यावर तिने न बघता √२६ लिहिलं. (ही चूक हुशार मुलंही करतात, आणि न बघताच करतात.) √२६ म्हणजे पाचच्या जरा वर, आणि समोरची रेघ तर सातच्या वर जाते. मग तिने सोडवून लिहिलं, ३√२, २√२ आणि पूर्ण कर्ण ५√२. म्हणजे एका घराचा कर्ण तीनदा, दोनदा, पाचदा. "तिघांचं आडनाव एकच आहे," ती म्हणाली. पुस्तकातल्या 'सरूप करणी'पेक्षा मला हेच आवडलं.

निघताना तिने उलट प्रश्न टाकला. "मला नुसती फट हवी असेल तर? √५० − ७?" मी पेन तिच्याकडे सरकवलं. ७.१ ने ०.१ येतं, ते चूक हे तिला आता ठाऊक होतं. तिने √५० + ७ ने गुणून-भागून १/(√५० + ७) केलं, ७.१ च घालून ०.०७०९ आणलं. खरी किंमत ०.०७११ च्या आसपास.

सर चमकले. "अहो, हिने तर करणी छेदात नेली!"

नेली, आणि योग्यच केलं. करणी वर आहे की खाली, हा मूळ मुद्दाच नाही. टाळायची ती जवळच्या संख्यांची वजाबाकी. १/√२ मध्ये तशी वजाबाकी नाही, त्यामुळे ते तसंच राहिलं तरी काही बिघडत नाही. तिथे परिमेयीकरणाचा उपयोग एवढाच की उत्तरं एका साच्यात येतात, ताडून बघता येतात, बेरजेला जुळतात.

दोन आठवड्यांनी सरांचा फोन आला. चाचणीत ६/√३ + √१२ होतं. तिने २√३ अधिक २√३ करून ४√३ लिहिलं होतं. "पण मॅडम, पुढच्याच गणितात उत्तर १/√२ ठेवलंय. अर्धा गुण कापू का?"

"प्रश्नात 'छेदाचे परिमेयीकरण करा' असं होतं का?"

"नाही, नुसतं 'किंमत काढा'."

"मग नका कापू."