अर्जाच्या मेलमधल्या पहिल्या दोन ओळी: चाळीस नगांवरून बारावर

प्रश्न: उद्यमबागेत एका मशीनशॉपमध्ये क्वालिटीला आहे, ४ वर्षं झाली, डिप्लोमा मेकॅनिकल. कागल, पुण्याकडं मेल पाठवतोय पण फोन येईना. मेलच्या सुरुवातीला दोन ओळींत स्वतःबद्दल नेमकं काय लिहायचं?

उत्तर:

मीही बेळगावातच एका मशीनशॉपच्या क्वालिटी विभागात आहे. आमच्याकडं जागा निघाली की आलेले मेल एचआरवाले माझ्याकडं ढकलतात, पहिली चाळण मी लावतो. आता खरं सांगायचं तर ते मेल मी टेबलाशी बसून वाचत नाही. शॉपमधून ऑफिसकडं येता येता फोनवर बघतो. फोनवर काय दिसतं? पाठवणाऱ्याचं नाव, विषय, आणि त्याखाली मजकुराची सुरुवात, जेमतेम एक ओळ. बहुतेकांची ती ओळ ‘आदरणीय सर/मॅडम, आपल्या जाहिरातीच्या संदर्भाने कळवू इच्छितो की’ एवढ्यातच खलास होते. माणूस कोण, काय करतो, काही पत्ता नाही. म्हणून ‘डिअर सर’ एवढं दोन शब्दांत उरका आणि लगेच पुढच्या शब्दापासून कामाचं सुरू करा. पाठवायच्या आधी तो मेल स्वतःलाच पाठवून फोनवर उघडण्याआधी बघा, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

(मेल इंग्रजीतच जाणार हे धरून चालतो. इथं मराठीत लिहितोय, आशय घ्या.)

पहिली ओळ म्हणजे तुमची ओळख, पण त्यांच्या जाहिरातीतल्या शब्दांत. जाहिरातीत ‘इन-प्रोसेस इन्स्पेक्टर’ असेल तर तुम्ही ‘क्वालिटी चेकिंगचं काम’ लिहू नका, काम तेच असलं तरी. शे-दीडशे मेल जमले की एचआरवाले इनबॉक्समध्ये शब्द टाकून शोधतात, आणि तुमच्या मेलमध्ये तो शब्दच नसेल तर तुम्ही सापडणारच नाही. पदानंतर वर्षं, मग कुठला पार्ट आणि कुठल्या मशीनवरचा. ‘कष्टाळू, प्रामाणिक, टीममध्ये काम करण्याची आवड’ हे काढून टाका. कष्टाळू नाही असं आजवर एकानंही लिहिलेलं मी पाहिलं नाही. ‘चॅलेंजिंग पोझिशन’च्या शोधात असलेलेही पुष्कळ येतात, तेही नको.

खरी मारामारी दुसऱ्या ओळीची आहे. तिथं तुम्ही केलेलं एक काम यायला हवं, आकड्यासकट. आणि इथंच आपली पोरं अडतात. मागं आमच्या ओळखीचा खानापूरकडचा एक पोरगा माझ्याकडं मेल दाखवायला आला होता. तुमच्यासारखाच, पंप हाउसिंग मशीनिंग करणाऱ्या शॉपमध्ये इन्स्पेक्टर. त्यानं दुसऱ्या ओळीत लिहिलेलं, ‘क्वालिटी सुधारण्यात महत्त्वाचा वाटा’. मी म्हटलं, कसला वाटा? तर म्हणतो, “तसं विशेष काय नाही की काका, रोजचंच काम.”

मग मी त्याला रोजचंच विचारत गेलो. महिन्याला नग किती? साधारण १,५००. रिजेक्ट किती? आधी ४० च्या आसपास जायचे. आधी म्हणजे? आता १२ होतात. अरे मग मधे झालं काय! तर गोष्ट अशी होती. हाउसिंगला ३२ मि.मी.चा एक बोअर, टॉलरन्स एच ७, म्हणजे ३२.००० ते ३२.०२५. सगळा खेळ २५ मायक्रॉनचा. रिजेक्ट नगांपैकी बहुतेक याच बोअरला मोठे होऊन जायचे, आणि बोअर लहान राहिला तर परत मारता येतो, मोठा झाला की नग भंगारात. यानं नोंदवही काढून बघितलं, तर मोठे झालेले नग इन्सर्ट बदलल्यानंतर लगेचचे निघाले. कारण साधं होतं. इन्सर्ट झिजत जातो तसा बोअर लहान पडत जातो, म्हणून ऑपरेटर ऑफसेट थोडा थोडा वाढवत जातो. पाळी संपता संपता नवा इन्सर्ट लावला आणि ऑफसेट मागं घ्यायचा राहिला, की पहिलेच नग मोठे. यानं सुपरवायझरला सांगून नियम बसवला: इन्सर्ट बदलला की ऑफसेट मागं घ्यायचा, एक नग काढायचा, बोअर गेजनं बघायचा, वहीत सही, मगच पुढचा नग. बस्स, एवढंच.

आता याला ‘विशेष काय नाही’ म्हणायचं? त्याच्या दोन ओळी आम्ही शेवटी अशा केल्या:

> इन-प्रोसेस क्वालिटी इन्स्पेक्टर, ४ वर्षं, सीएनसीवर मशीनिंग होणारी कास्ट आयर्न पंप हाउसिंग, डिप्लोमा मेकॅनिकल.
> इन्सर्ट बदलल्यावर पहिल्या नगाची तपासणी बसवून महिन्याच्या १,५०० नगांतलं रिजेक्शन ४० वरून १२ वर आणलं. नोटीस ३० दिवस, कागलला राहायला तयार.

त्याला ‘रिजेक्शन ७० टक्क्यांनी घटवलं’ असं लिहायचं होतं. हिशेब बरोबर आहे, पण टक्के एकटे आले की वाचणाऱ्याला पहिला संशय येतो, कशाचे टक्के? दहाचे तीन झाले तरी ७० टक्केच. नगांचा आकडा दिला की काम किती मोठं ते आपोआप कळतं, आणि क्वालिटीतला माणूस त्यावरून लगेच पुढचा प्रश्न काढतो. तो प्रश्न निघावा हाच तर आपला डाव. मात्र कस्टमरचं नाव, ड्रॉइंग नंबर मेलमध्ये घालू नका. ते तुमच्या सध्याच्या शॉपचं आहे, आणि समोरचाही मनात म्हणतो, उद्या हा आमचंही असंच बाहेर सांगेल.

‘आणलं’ या क्रियापदाबद्दल थोडं. नियम त्या पोरानं सुचवला होता, म्हणून ‘आणलं’ चाललं. तुम्ही फक्त मोजमाप घेतलं असेल तर ‘मोजलं’ लिहा, कुणाबरोबर केलं असेल तर ‘सेटरबरोबर’ असा एक शब्द घाला. हे मी स्वतः फटका खाऊन सांगतोय. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका ठिकाणी अर्जाच्या पहिल्याच ओळीत ‘सीएमएम ऑपरेशन’ असं ठोकून दिलं होतं. प्रत्यक्षात मी नग फिक्स्चरवर लावायचो आणि तयार प्रोग्रॅमचं बटण दाबायचो. मुलाखतीत साहेबांनी शांतपणे विचारलं, ‘अलाइनमेंट कसं करता?’ तीन बिंदूंनी पातळी, दोघांनी रेषा, एकानं ओरिजिन, एवढं तरी यायला हवं होतं. मला तेव्हा तेही सांगता आलं नाही. पुढची दहा मिनिटं त्यांनी चहाची चौकशी केली आणि मी बाहेर. ‘सीएमएमवर पार्ट लोडिंग आणि रिपोर्ट’ असं लिहिलं असतं तर कदाचित तेवढ्यावरही घेतलं असतं.

राहिलं गाव आणि नोटीस. हे दोन्ही दुसऱ्या ओळीच्या शेवटी हवंच, विशेषतः आपल्याकडच्यांना. बायोडाटावर बेळगाव, कर्नाटक बघितलं की पुण्याच्या एचआरवाल्याच्या डोक्यात आधी हाच प्रश्न, हा येऊन राहणार का, की चार महिन्यांत घरची ओढ लागून परत? ‘पुण्यात राहायला तयार’ हे शब्द त्याचं उत्तर आहेत. तुम्ही निपाणीकडचे असाल आणि अर्ज कागलचा असेल तर ‘रोज ये-जा शक्य’ असं सरळ लिहा, तेवढ्या अंतरावरून जाणारे पुष्कळ आहेत. पण एकच मेल दोन्हीकडं पाठवू नका. पुण्याच्या मेलमध्ये कागल राहून गेलं तर वाचणारा तिथंच थांबतो.

भाषेचं सगळे विचारतात. मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी, चारही भाषांची माळ वर घालायची का? एरवी नको, बायोडाटात खाली असू दे. एका जागेसाठी मात्र ती थेट पहिल्या ओळीत घ्या: सप्लायर क्वालिटी. बाहेरच्या ज्या कंपन्या बेळगावच्या फाउंड्रीतून कास्टिंग उचलतात, त्यांचा माणूस इथं येऊन मोल्डिंग लाइनवर उभा राहतो आणि ब्लो-होल का येतात ते विचारतो. तिथं काम करणारा एक जण मराठी बोलणारा, दुसरा कन्नड. दोघांशी थेट बोलणारा इन्स्पेक्टर मिळाला तर कंपनीचे हेलपाटे वाचतात. तेव्हा अशा जागेला ‘फाउंड्रीतल्या कामगारांशी मराठी आणि कन्नडमध्ये थेट बोलू शकतो’ असं लिहा. नुसतं ‘४ भाषा येतात’ लिहून काही उजेड पडत नाही.

लांबी म्हणाल तर दोन ओळी म्हणजे दोन वाक्यं, वाढून तीन. लॅपटॉपवर दोन ओळी दिसणारा मजकूर फोनवर पाच-सहा होतो, तेवढं चालतं. त्यापुढं गेलं की माझ्यासारखा माणूस बोटानं वर सरकवतो. सोबतच्या बायोडाटात तोच आकडा तसाच असू दे. वर ४० वरून १२ आणि आत ४५ वरून १० असलं की दोन्हीवरचा विश्वास जातो, आणि हे मी खरंच पाहिलंय.

त्या खानापूरच्या पोराला कागलच्या एका शॉपमधून फोन आला. मुलाखतीत बायोडाटा त्यांनी उघडलाच नाही म्हणे, पहिलाच प्रश्न आला, “बारा का राहिले? शून्य का नाही केलेस?” तो म्हणाला, ते बारा बहुतेक ब्लो-होलचे आहेत साहेब, बोअर मारल्यावर उघडे पडतात, ते मशीनिंगच्या हातात नाही, फाउंड्रीत बघावं लागेल. त्यावर मग अर्धा तास फाउंड्रीवरच गप्पा झाल्या.