ओळ उताऱ्यातली असली म्हणजे ती पुरावा ठरत नाही

प्रश्न: केस स्टडीमध्ये एक मोठा उतारा असतो आणि खाली तीन-चार उपप्रश्न असतात. आधी उतारा वाचावा की आधी प्रश्न? उत्तर उताऱ्यातूनच लिहितो, तरी गुण कापले जातात आणि वेळही पुरत नाही.

आधी प्रश्न वाचावेत, परंतु उत्तर शोधण्यासाठी नव्हे. प्रत्येक प्रश्न नेमके काय मागतो एवढेच पाहण्यासाठी. आकडा मागितला आहे, कारण मागितले आहे, पुरावा मागितला आहे की एखादे विधान मान्य आहे का असे विचारले आहे, हे डोक्यात ठेवून मग उतारा सलग एकदा वाचावा. वाचताना उपयोगी ओळीशेजारी समासात पेन्सिलीने उपप्रश्नाचा क्रमांक लिहावा. वेळ पुरत नाही याचे कारण बहुधा हेच असते, की प्रत्येक उपप्रश्नासाठी विद्यार्थी अख्खा उतारा पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचतो.

तुमच्या प्रश्नातील ‘उत्तर उताऱ्यातूनच लिहितो, तरी गुण कापले जातात’ या वाक्यासाठी मात्र मी सविस्तर लिहायला बसलो आहे. मी लातुरात समाजशास्त्र शिकवतो आणि याच वाक्यावरून माझा एका ज्येष्ठ सहकाऱ्यांशी वाद झाला होता. तो आजही मिटलेला नाही.

जानेवारी २०१९ मधील दहावीच्या सराव परीक्षेसाठी मी एक उतारा तयार केला. गाव काल्पनिक होते, आकडेही माझेच होते. उतारा असा होता: “मांजरा खोऱ्यातील एका गावात ४० विहिरी आहेत. २०१२ पर्यंत उन्हाळ्यातही त्यांतील बहुतेक विहिरींना पाणी असे. २०१४ व २०१५ या दोन वर्षी पाऊस फार कमी झाला. याच दोन वर्षांत गावात ११० नवी बोअर घेण्यात आली. पहिल्या बोअरला २०० फुटांवर पाणी लागले, शेवटच्या बोअरला ६५० फुटांपर्यंत जावे लागले. उसाखालील क्षेत्र मात्र कमी झाले नाही. एप्रिल २०१६ मध्ये केवळ ४ विहिरींत पाणी उरले आणि गावाला टँकर सुरू झाला. मे महिन्यात ग्रामसभेने दोन वर्षे नवी बोअर न घेण्याचा ठराव केला. त्या पावसाळ्यात पाऊस चांगला झाला. एप्रिल २०१७ मध्ये २३ विहिरींना पाणी होते. ठरावानंतर कोणी बोअर घेतली की नाही, याची नोंद ग्रामपंचायतीकडे नाही.”

खाली तीन उपप्रश्न होते. पहिला एका गुणाचा होता: एप्रिल २०१६ मध्ये किती विहिरींत पाणी होते? त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. दुसराही एका गुणाचा होता: गावातील भूजलपातळी खाली गेली याचा उताऱ्यातील पुरावा द्या. तिसरा दोन गुणांचा होता: ‘ग्रामसभेच्या ठरावामुळे गावात पाणी परत आले’ हे विधान उताऱ्याच्या आधारे मान्य करता येईल का? कारण लिहा.

दुसऱ्या उपप्रश्नाला वर्गातील निम्म्याहून अधिक मुलांनी एकच ओळ उतरवली होती: “याच दोन वर्षांत गावात ११० नवी बोअर घेण्यात आली.” मी त्यांना शून्य दिले. त्याच गठ्ठ्यात एका मुलीने लिहिले होते, की २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, यावरून भूजलपातळी खाली गेली हे दिसते. तिलाही मी शून्यच दिले. फेरतपासणी करणाऱ्या त्या सहकाऱ्यांनी बोअरची ओळ लिहिणाऱ्या सर्वांना एकेक गुण दिला आणि मुलीचे शून्य तसेच ठेवले. त्यांचे म्हणणे असे, की ओळ उताऱ्यातलीच आहे, पाण्याविषयीच आहे, मग गुण का कापायचा? मुलीने बाहेरचे लिहिले, म्हणून तिला गुण नाही. वर्गातही ते हेच शिकवत असत: प्रश्नातील शब्द उताऱ्यात शोधा, तो सापडला की ओळ उतरवा, तपासणारा तीच ओळ शोधत असतो.

ही शिकवण चुकीची आहे, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे. ११० बोअर घेतल्या हे पातळी खाली जाण्याचे एक कारण असू शकते, पण ती खाली गेली याचा तो पुरावा नाही. हे ओळखण्याची एक साधी कसोटी मी मुलांना देतो. जे सिद्ध करायचे आहे ते खोटे होते असे क्षणभर धरा आणि मग ती ओळ तशीच खरी राहू शकते का ते पाहा. पातळी मुळीच खाली गेली नसती, तरी गावात ११० बोअर होऊ शकल्या असत्या. कर्ज सहज मिळाले, शेजाऱ्याने घेतली म्हणून आपणही घेतली, अशी कितीतरी कारणे असतात. म्हणून ती ओळ येथे निरुपयोगी आहे. आता विहिरींची ओळ पाहा. पूर्वी उन्हाळ्यातही बहुतेक विहिरींना पाणी असे आणि एप्रिल २०१६ मध्ये ४० पैकी ४ विहिरींनाच उरले. पातळी खाली गेली नसती तर हे घडले नसते. शिवाय येथे उन्हाळ्याची तुलना उन्हाळ्याशीच होते, म्हणून ती चोख आहे.

२०० फूट आणि ६५० फूट ही ओळही मी पूर्ण गुणांसाठी मान्य केली होती. तरी आपल्याकडचा दगड पाहता ती विहिरींच्या ओळीपेक्षा कच्ची आहे. मराठवाड्याच्या बहुतांश भागात खाली काळा पाषाण आहे आणि त्यात पाणी भेगांमधून व सच्छिद्र थरांमधून राहते. एकाच शेतात एक बोअर २०० फुटांवर लागते आणि शंभर पावलांवरची दुसरी ६०० फुटांवरही कोरडी जाते, हे कोणताही शेतकरी सांगेल. त्यामुळे दोन्ही ओळी एकत्र लिहिल्या तर उत्तर पक्के होते.

ती मुलगी दुसऱ्या दिवशी पेपर घेऊन आली आणि म्हणाली, “सर, मी खोटे लिहिले का? आमच्या गल्लीत आम्ही रात्री घागरी लावून बसत होतो.” तिने खोटे लिहिले नव्हते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे खरोखरच लातूरला आली. पहिल्या खेपेला दहा टाक्यांमधून पाच लाख लिटर पाणी आले होते. मी तिला एवढेच सांगितले, की हे उताऱ्यात नाही. ते उत्तर अपुरे होते आणि त्याची खंत मला आजही वाटते. मी तिला सांगायला हवे होते, की लातूर शहराचे पाणी धनेगावच्या मांजरा धरणातून येत होते आणि ते धरण आटले म्हणून रेल्वे आणावी लागली. म्हणजे तिने दिलेला पुरावा खरा होता, परंतु तो धरणातील साठ्याविषयी होता; प्रश्न एका गावाच्या जमिनीखालील पाण्याविषयी होता. तिची चूक आणि बोअरची ओळ उतरवणाऱ्यांची चूक एकाच जातीची होती: दोघांनीही पाण्याविषयीचे काहीतरी खरे लिहिले आणि ते विचारलेल्या गोष्टीला चिकटते का, हे तपासले नाही. असे असताना एकाला गुण आणि दुसरीला शून्य, हा अन्याय होता, आणि मी तो मुख्याध्यापकांपर्यंत नेला. गुण बदलले गेले नाहीत.

तिसऱ्या उपप्रश्नात बहुतेकांनी ‘होय’ लिहिले आणि पुरावा म्हणून ठरावाची ओळ व २३ विहिरींची ओळ एकापुढे एक ठेवली. ठराव आधी झाला आणि पाणी नंतर आले, एवढेच त्या दोन ओळी सांगतात. त्यांच्यामध्ये पावसाची ओळ आहे, ती वाचूनही त्यांनी ओलांडली. सर्वांत महत्त्वाची ओळ शेवटची होती: ठराव पाळला गेला की नाही, याचीच नोंद नाही. जे पाळले गेले हेच माहीत नाही, त्याला श्रेय कसे द्यायचे? पूर्ण गुणांचे उत्तर असे होते: “मान्य करता येणार नाही. ठरावाच्याच वर्षी पाऊसही चांगला झाला, त्यामुळे ४ विहिरींवरून २३ विहिरींपर्यंत झालेली वाढ पावसाने झाली की ठरावाने, हे उताऱ्यावरून वेगळे करता येत नाही. शिवाय ठराव पाळला गेल्याची नोंद नाही.” येथे उताऱ्यातील एकही वाक्य जसेच्या तसे उतरवलेले नाही, तरी प्रत्येक शब्दाला उताऱ्याचा आधार आहे. काही हुशार मुलांनी ‘विधान खोटे आहे’ असे लिहिले. त्यांना मी दोनपैकी एकच गुण दिला, कारण मान्य करता येत नाही आणि खोटे आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठरावाचा उपयोग झालाही असेल. उतारा ते सांगत नाही, एवढेच.

म्हणून तुम्ही उत्तर लिहिताना आधी एका वाक्यात आपले म्हणणे मांडा, नंतर ‘कारण’ लिहून उताऱ्यातील आकडा किंवा घटना द्या, आणि त्या दोहोंचा संबंध अर्ध्या वाक्यात जोडा. एका गुणाला हा संबंध लांबवू नका. दोन गुणांचा प्रश्न असेल तर बहुधा दोन वेगळे आधार अपेक्षित असतात; एकच आधार दोन प्रकारे फिरवून लिहिला तर दुसरा गुण जातो. आणि उताऱ्याचा शेवट घाईने वाचू नका. प्रश्न काढणारा माणूस म्हणून सांगतो, आधीच्या मजकुराला मर्यादा घालणारी ओळ आम्ही पुष्कळदा तेथेच ठेवतो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. मी येथे लिहिले ते ‘उताऱ्याच्या आधारे’ असे स्पष्ट म्हटलेल्या उपप्रश्नांना लागू आहे. एखाद्या उपप्रश्नात ‘तुमचे मत लिहा’ किंवा ‘उपाय सुचवा’ असे असेल, तर पाठ्यपुस्तकातील आणि स्वतःच्या अनुभवातील गोष्टी जरूर लिहाव्यात. तेथे त्या मुलीच्या रेल्वेलाही जागा आहे. विज्ञानाच्या केस स्टडीत उतारा पुष्कळदा केवळ प्रसंग सांगतो आणि नियम तुम्हालाच आठवावा लागतो, तर गणितात उताऱ्यातील आकडे उचलून आकडेमोड करायची असते. तुमचा विषय तुम्ही लिहिलेला नाही, म्हणून ही पुस्ती जोडली. माझ्या स्वतःच्या प्रश्नपत्रिकेत मी त्या वर्षानंतर ‘पुरावा द्या’ असे लिहिणे सोडले आहे. आता मी विचारतो, “उताऱ्यातील कोणत्या माहितीवरून असे म्हणता येते आणि का?” त्यातील ‘आणि का’ हे दोन शब्द काढून टाकावेत, अशी सूचना त्या सहकाऱ्यांनी निवृत्त होईपर्यंत दर वर्षी केली, आणि मी ते दर वर्षी ठेवले.