पार्किंगमध्ये स्टिअरिंग जड होणं: कॉलम बदलण्याआधी हे बघा

«सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी काढताना सात-आठ वेळा पुढे-मागे करावी लागते. शेवटी स्टिअरिंग दगडासारखं होतं आणि डॅशबोर्डवर ते गरम झाल्याचा मेसेज येतो. थोड्या वेळाने सगळं ठीक. कॉलम बदलावा का?»

एवढ्यात बदलू नका. मी स्टिअरिंगखालचा हा दांडा बदलला, चाळीस हजारांवर घालवले आणि दोन आठवड्यांत गिरगावातल्या माझ्या पार्किंगच्या खांबामागे स्टिअरिंग पुन्हा तसंच जड झालं.

माझी चूक अशी की मी गाडी दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला नेली. तोवर स्टिअरिंग हलकं करणारी इलेक्ट्रिक मोटर गार झाली होती, स्कॅनरवर एकही फॉल्ट कोड नव्हता. मोटर तापली की मदत कमी होणं हा संरक्षणाचा भाग आहे, बिघाड नाही, म्हणून कोड साठलाच नसावा. तिथे कोणी «नेमकं काय करताना होतं?» असं विचारलं नाही. थेट कॉलमचं एस्टिमेट हातात दिलं. याचा राग अजून आहे.

खरं कारण माझ्या हातात होतं. चाक टोकाला टेकल्यावरही मी स्टिअरिंग दाबून धरायचो आणि तसाच रिव्हर्स घ्यायचो. तेव्हा मोटर फिरत नाही, पण जोर लावत राहते. जवळपास सगळा करंट उष्णतेत जातो. त्यात गाडी जागेवर उभी असताना टायर जमिनीवर घासत वळतात, तो भार वेगळाच. कंट्रोलर तापमानावर लक्ष ठेवून मोटरचा करंट हळूहळू कमी करतो. मोटर जळू नये म्हणून मदत कमी होते, स्टिअरिंगचा चाकांशी असलेला जोड तुटत नाही. म्हणून जोर लावला की गाडी वळते.

आता मी टोकाला चाक लागलं की बोटभर मागे सोडतो, आणि गाडी किंचित सरकत असतानाच वळवतो. तेवढ्याने त्याच खांबामागे मेसेज येणं थांबलं. आलाच तर स्टिअरिंग सोडून पाच-दहा मिनिटं थांबा. माझ्या गाडीत मोटर डॅशबोर्डखाली, कॉलमवरच आहे, त्यामुळे मे महिन्यात उन्हात तापलेल्या गाडीत ती लवकर गरम होते. आधी काचा उघडून थोडी हवा खेळू द्या.

मी मेकॅनिक नाही, आणि मेसेजचे शब्द गाडीगणिक वेगळे. पण सकाळी गार गाडीत, पहिल्याच वळणाला स्टिअरिंग जड लागलं, चालत्या गाडीत अचानक जड झालं किंवा डॅशबोर्डवरचा स्टिअरिंगचा दिवा विझतच नसेल, तर हे प्रकरण वेगळं. तेव्हा गाडी चालवू नका. आधी बॅटरी तपासून घ्या, कमी व्होल्टेजनेही मदत जाते. इंजिन सुरू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत. पुढच्या टायरमधली हवाही बघा, कमी असेल तर मोटरवर फुकट ताण येतो.

आणि सर्व्हिस सेंटरला जायचंच असेल तर त्यांच्या माणसाला शेजारी बसवून तुमच्याच पार्किंगमध्ये सात-आठ वळणं घेऊन दाखवा.