जेवायला उशीर झाला की डोकं, चिडचिड आणि मळमळ एकदमच का येतात?

प्रश्न: सकाळी ८ ला पोहे खाऊन निघते, दुपारी जेवायला कधीकधी साडेतीन वाजतात. त्या दिवशी आधी चिडचिड, मग डोकं ठणकतं आणि मळमळायला लागतं. आई म्हणते पित्त, मैत्रीण म्हणते शुगर लो होते. नक्की काय?

उत्तर:

मैत्रिणीचं आधी घेऊ, कारण ते मोजता येतं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त घेतो, १४ वर्षं झाली. सकाळी ७ ते १० फास्टिंगवाल्यांची रांग असते, सगळे रात्रीपासून १०-१२ तास उपाशी. त्यात आठवड्याला दोन-तीन जण तरी कपाळ धरून बसलेले असतात, "लवकर घ्या हो, शुगर पडलीय माझी" म्हणत टोकनवरून भांडतात सुद्धा. आणि दुपारी रिपोर्ट येतो तेव्हा त्यांची शुगर ८६, ९१ अशी असते, म्हणजे एकदम नॉर्मल. मला स्वतःलाही हा त्रास आहे, त्यामुळे एकदा शिबिराच्या गडबडीत साडेतीनपर्यंत जेवलो नव्हतो, उजव्या डोळ्यामागे ठणकायला लागलं, तेव्हा सरळ स्वतःचंच बोट टोचलं. ८१ आली. ग्लुकोमीटर थोडा इकडेतिकडे दाखवतो हे धरलं तरी ही काही लो शुगर नाही.

का पडत नाही तर लिव्हरमुळे. पोह्यांतून येणारी साखर साधारण तीन-चार तासांत संपते, म्हणजे तुमच्या केसमध्ये १२ च्या आसपास. तिथून पुढे लिव्हर स्वतःच्या साठ्यातली साखर रक्तात सोडायला लागतं, तो साठा भरलेला असेल तर ८०-१०० ग्रॅमचा असतो आणि मेंदूला तासाला साधारण ५ ग्रॅम लागतात. रात्रभर हेच तर चालू असतं, आपण झोपेत कुठे उठून खातो. त्यामुळे निरोगी माणसाला तीन-चार तास जास्त गॅप पडली म्हणून मेंदू उपाशी पडतो असं होत नाही. शुगर ७० च्या खाली जायला लागली तर अ‍ॅड्रेनालिन वाढतं, हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडतं. तुमच्या प्रश्नात यातलं काहीच नाहीये आणि माझ्या मते तीच खूण आहे.

मग तिन्ही गोष्टी एकत्र का? तुम्ही ज्या क्रमाने लिहिलंय ना, आधी चिडचिड, मग डोकं, मग मळमळ, तो मायग्रेनचा क्रम आहे. मायग्रेन म्हटलं की लोकांना काहीतरी भयंकर वाटतं, पण मी मोठ्या आजाराबद्दल बोलत नाहीये, जन्मतः जरा हळवा असलेला मेंदू एवढंच. असा मेंदू नेहमीच्या वेळापत्रकातला बदल सहन करत नाही. झोप कमी झाली, ऊन लागलं, पाळी जवळ आली, जेवण चुकलं, यातलं काहीही चालतं त्याला बिघडायला, आणि दोन गोष्टी एकाच दिवशी आल्या तर बघायलाच नको. म्हणूनच काही दिवशी ४ ला जेवूनही काही होत नाही आणि काही दिवशी दीडलाच डोकं धरतं.

मेंदूच्या तळाशी बदामाएवढा एक भाग आहे, हायपोथॅलॅमस. भूक, झोप, शरीराचं घड्याळ हे सगळं तो बघतो आणि आपल्या मूडवरही त्याचा हात असतो. पोट रिकामं झाल्याच्या खबरा याच्याकडेच पोचतात, भुकेचं हार्मोन घ्रेलिन पोटातून निघून इथेच येतं. आणि मायग्रेनच्या लोकांचे स्कॅन काढले तेव्हा प्रत्यक्ष डोकं दुखायच्या आधीपासूनच हा भाग जागा झालेला दिसला. म्हणजे तुम्ही १ वाजता शेजारच्या टेबलवाल्यावर खेकसता, जांभया येतात, मान आखडते, काहीतरी गोड खावंसं वाटतं, तेव्हा अ‍ॅटॅक सुरू झालेला असतो, फक्त दुखणं अजून यायचं असतं. गंमत म्हणजे त्यामुळे उलटंही होतं, कधीकधी ती तीव्र भूकच अ‍ॅटॅकचा पहिला भाग असते आणि आपण म्हणतो भूक लागली म्हणून डोकं दुखलं.

पुढे मेंदूच्या आवरणाची जी चेतापेशींची वायर आहे (चेहऱ्याला येते तीच) ती चेतवली जाते आणि एका बाजूला, कपाळात, डोळ्यामागे ठणका सुरू होतो. ही वायर मेंदूच्या देठात जिथे उतरते त्याच्या अगदी शेजारी पोटाकडून येणारी वायर उतरते आणि उलटीचं सेंटरही तिथेच. वाड्यातल्या एका खोलीत भांडण लागलं की भिंतीपलीकडच्यांना झोप लागत नाही, तसं आहे ते. त्यामुळे मळमळ पोटातून निघून डोक्यात गेली असं आपल्याला वाटतं, पण बऱ्याचदा ती वरूनच खाली आलेली असते.

आता आईचं पित्त. आपल्याकडे निम्म्या घरांत मायग्रेनचं नावच पित्त आहे, माझी आजीसुद्धा "पित्त उसळलं" म्हणून डोक्याला फडकं बांधून अंधारात पडायची, उलटीत पिवळं कडू पाणी पडलं की उतरायचं, आणि सगळे म्हणायचे बघा, पित्त पडलं, मोकळी झाली. ते पिवळं पाणी खरंच पित्तरस असतो. पण तो पडतो कारण पोटात दुसरं काही नसतं! उलटीच्या वेळी लहान आतड्यातलं मागे पोटात ढकललं जातं आणि तेच बाहेर येतं, जेवलेलं असतं तर जेवण आलं असतं. म्हणजे तो पिवळा रंग पोट रिकामं होतं एवढंच सांगतो, डोकं का दुखलं ते नाही सांगत. उलटीनंतर बरं वाटतं हे मात्र खोटं नाही, बऱ्याच जणांचा अ‍ॅटॅक उलटी झाली किंवा झोप लागली की ओसरतो.

आईच्या बाजूनेही एक सांगतो. रिकाम्या पोटात अ‍ॅसिड असतंच, शिवाय दर दीड-दोन तासांनी पोट आणि आतडं झाडू मारल्यासारखं एकदा आवळतं, पोटात गुरगुर होते ती. ज्यांना अ‍ॅसिडिटी आहे त्यांना यानेही मळमळतं आणि छातीत जळजळतं. अशा वेळी अ‍ॅसिडिटीच्या गोळीने जळजळ थांबते पण डोकं तसंच राहतं. तुमचं तसं होत असेल तर उत्तर तिथेच मिळालं.

यातलं सगळ्यात उपयोगाचं आणि कुणी न सांगणारं म्हणजे अ‍ॅटॅकमध्ये पोट मंदावतं. आत टाकलेलं पुढे सरकतच नाही लवकर. त्यामुळे आपण करतो काय, डोकं दुखतंय पण काम संपवू मग बघू, असं म्हणत ४ वाजवतो, मग मळमळत असताना भरपेट जेवतो आणि वर गोळी घेतो. जेवण तसंच बसून राहतं, गोळी पण तिथेच, अन् ६ वाजता सगळं बाहेर. मी कित्येक वर्षं हेच केलं. आता माझा नियम चिडचिडीवर आहे, दुखण्यावर नाही. लॅबमध्ये विनाकारण कुणावर आवाज चढला की खिशातली फुटाणे-शेंगदाण्याची पुडी काढतो, मूठभर खातो, ग्लासभर पाणी पितो, आणि मग पुढचं. दहापैकी सहा-सात वेळा तिथेच निभावतं. ठणका सुरू झाला तर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी तेव्हाच थोडंसं खाऊन घेतो, उशीर करत नाही. नुसता गोड चहा-बिस्किट मला पुरत नाही, तासाभरात परत तेच, फुटाण्याने मात्र टिकतं. आणि हो, साध्या पेनकिलर महिन्यात १५ किंवा जास्त दिवस लागत असतील तर त्या गोळ्यांनीच रोजची डोकेदुखी लागते, तेव्हा डॉक्टर गाठा.

चहाचंही तपासा. तुम्ही रोज ११ ला आणि १ ला चहा घेणाऱ्या असाल आणि गडबडीच्या दिवशी जेवणाबरोबर तोही चुकत असेल तर कॅफिन न मिळाल्याचं डोकंही त्यात मिसळतं. फास्टिंगवाल्यांमध्ये हे मी खूप बघतो, बाहेरच्या टपरीवर एक कटिंग मारली की अर्ध्या तासात माणूस हसायला लागतो.

उपवासाची डोकेदुखी थोडी वेगळी. ८ तास किंवा जास्त पोटात काही नसलं की येणाऱ्या दुखण्याला डॉक्टरांच्या वर्गीकरणात स्वतंत्र नाव आहे. हरितालिकेला निर्जळी करणाऱ्या बायकांना संध्याकाळी होतं ते. पूर्ण डोकं जड, ठणका नाही, फार तीव्र नाही, आणि खाल्ल्यावर उतरतं, पण लगेच नाही, वेळ घेतं. ज्यांना आधीच डोकेदुखीची सवय आहे त्यांना ते जास्त होतं आणि त्यांच्यात ते बऱ्याचदा पूर्ण मायग्रेनमध्ये जातं. तुमचं कुठलं ते ओळखायला सोपं आहे: जिना चढल्यावर वाढतं का, ट्यूबलाइट आणि आवाज नकोसे होतात का, मळमळ सोबत आहे का. तिन्हीला हो असेल तर मायग्रेनच धरून चाला.

डायबेटिस असेल तर मात्र वरचं शुगरचं सगळं विसरा. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना जेवण चुकलं तर शुगर खरंच पडते, तिथे लगेच मोजायचं, ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, १५ मिनिटांनी परत मोजायचं. आणि डोकं एका क्षणात आयुष्यात कधी नव्हतं इतकं दुखलं, ताप आणि मान ताठ झाली, हातपाय किंवा बोलणं अडखळलं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच अशी डोकेदुखी सुरू झाली तर जेवणाची वेळ बघत बसू नका, हॉस्पिटल.

मैत्रिणीची समजूत घालायची असेल तर पुढच्या वेळी ठणका सुरू झाला की काही खायच्या आधी ऑफिसात कुणाकडे ग्लुकोमीटर असेल तर मोजून बघा (सुई मात्र नवीन घ्या). ७० च्या वर आकडा आला की तिला फोटो पाठवा.