निष्कर्ष, शिफारस आणि 'गरज असल्याचे आढळले'

«आमच्या अहवालातलं 'वाचनालय रात्री नऊपर्यंत उघडे ठेवण्याची गरज असल्याचे आढळले' हे वाक्य परत आलं. शेरा आहे : 'निष्कर्ष आणि शिफारस एकत्र झाली आहे.' प्रश्नावली वाचनालयातच ठेवली होती. 200 जणांनी भरली, त्यातल्या 124 जणांनी 'सहानंतर थांबायला आवडेल' यावर खूण केली. मग चुकलं काय?»

चुकलं ते 'आढळले' या क्रियापदात. आधीपासून असलेली गोष्ट आपल्या नजरेला पडली, तर ती आढळते. 124 खुणा आढळल्या. गरज मात्र आढळत नाही, ती कुणीतरी ठरवतं. तुमच्या वाक्यात ठरवणारा दिसेनासा झाला आणि त्याचं मत सर्वेक्षणाच्या नावावर गेलं.

'निष्कर्ष' हा संस्कृत 'कृष्' म्हणजे ओढणे या धातूवरून आला आहे. जे हाती आहे त्यातून ओढून काढलेलं, ते निष्कर्ष. 'शिफारस' फारसीतून आली. आपण एखाद्या माणसाची शिफारस करतो, तेव्हा त्याच्यासाठी शब्द टाकतो. तो शब्द टाकणारा कोण, हे कळायलाच हवं.

मराठी व्याकरणात यासाठी सोय आहेच. निष्कर्ष स्वार्थात येतो : आहे, दिसते, आढळले. शिफारस विध्यर्थात येते : ठेवावे, करावे. घोटाळा होतो तो 'गरज आहे', 'आवश्यक आहे' यांनी, कारण रूप स्वार्थाचं आणि आशय विध्यर्थाचा. मी अशा वाक्यातली 'गरज' काढून क्रियापदाला 'वे' लावून पाहतो. 'उघडे ठेवावे' असं सहज झालं, की ती शिफारस.

आता तुमचे आकडे घ्या. त्यांतून एवढंच निघतं : 'प्रश्नावली भरणाऱ्या 200 पैकी 124 वाचकांना सहानंतर थांबायला आवडेल.' 'नऊ' हा आकडा त्यांत कुठेच नाही. 'आवडेल' म्हणणारे प्रत्यक्षात किती थांबतील, तेही नाही. शिवाय दिवसा येऊच न शकणारे लोक प्रश्नावलीपर्यंत पोचलेच नाहीत, म्हणजे वेळ वाढवल्याचा फायदा ज्यांना सर्वाधिक व्हायचा, त्यांचंच मत नाही.

म्हणून शिफारस करू नये असं नाही. वैद्यकीय मार्गदर्शक सूचनांसाठी वापरली जाणारी 'ग्रेड' पद्धत पुराव्याची खात्री आणि शिफारशीचा जोर स्वतंत्रपणे नोंदवते. पुरावा कमकुवत असूनही शिफारस ठाम असू शकते, फक्त तिची कारणं सांगावी लागतात. तुमच्याकडे खर्च, कर्मचाऱ्यांची पाळी, आणखी कुणाला सामावून घ्यायचं आहे, अशी कारणं असतीलच.

मी वाक्य असं लिहीन : 'प्रश्नावली भरणाऱ्या 200 पैकी 124 वाचकांनी सहानंतर थांबायला आवडेल असे सांगितले. किती वाजेपर्यंत, हे विचारले नव्हते. समितीच्या मते वाचनालय तीन महिने प्रायोगिक तत्त्वावर नऊपर्यंत उघडे ठेवावे व सहानंतरची उपस्थिती रोज नोंदवावी.' मधलं वाक्य गाळू नका.