हृदयाच्या आकृतीला नावे देताना रेघा एकमेकींना छेदू नयेत यासाठी

प्रश्न : दहावीच्या मुलांसाठी हृदयाच्या उभ्या छेदाची आकृती इंकस्केपमध्ये काढली आहे. आकृती चांगली जमली, पण बारा-तेरा नावे लावायला घेतली की रेघांचे जाळे होते. एक रेघ सोडवली की दुसरी अडकते. ठरावीक अशी काही रीत आहे का?

उत्तर :

आहे, आणि ती कागदावर पट्टी घेऊनही करता येते. मात्र आधी रेघा काढायचे थांबा. प्रत्येक भागावर फक्त एक ठिपका द्या. गुंता बहुतेक वेळा रेघांमुळे होत नाही, ठिपके कुठेही ठेवल्यामुळे होतो.

ठिपके देताना लहान भाग आधी घ्या. त्रिदली झडप, द्विदली झडप, अर्धचंद्राकृती झडप यांना जागा निवडायची मुभाच नसते. झडप आहे तिथेच ठिपका. उलट निलय आणि अलिंद एवढे मोठे असतात की ठिपका आत कुठेही चालतो. म्हणून झडपा आणि आंतरनिलय पटल आधी, रक्तवाहिन्या मग, आणि कप्पे सगळ्यांत शेवटी.

याचा उपयोग पानाच्या डाव्या बाजूला, म्हणजे हृदयाच्या उजव्या बाजूला, लगेच दिसतो. समजा आकृती 10 सेंमी उंच आहे. अधोमहाशिरेचा ठिपका वरून 7 सेंमीवर आहे आणि उजव्या निलयाचा तुम्ही सवयीने कप्प्याच्या मधोमध, 6.5 सेंमीवर दिला. निलयाची रेघ डावीकडे निघाली की थेट अधोमहाशिरेच्या नळीवरून जाते. कोणतीही रेघ कोणत्याही रेघेला छेदत नाही, तरी आकृती चुकली, कारण ‘उजवे निलय’ हे नाव त्या नळीचेच वाटते. तोच ठिपका कप्प्यातच खाली 8.5 सेंमीवर न्या. आता रेघ नळीच्या कापलेल्या टोकाखालून मोकळी बाहेर पडते, आणि नावांच्या रकान्यात अधोमहाशिरा वर, निलय खाली असा क्रम आपोआप लागतो.

ठिपके झाले की मधोमध एक उभी रेघ मनात धरा. तिच्या डावीकडचे ठिपके डाव्या रकान्यात जाणार, उजवीकडचे उजव्या. ही शिस्त पाळली तर दोन बाजूंच्या रेघा एकमेकींना कधीच भेटत नाहीत. पटल मध्यावर येते; ज्या बाजूला नावे कमी असतील तिकडे ते द्या.

आता एका बाजूचा क्रम. बहुतेक जण ठिपके वरून खाली जसे आहेत त्याच क्रमाने नावे लिहितात. हे नेहमी पुरत नाही. पानाच्या उजव्या बाजूचे उदाहरण घ्या. फुप्फुस धमनीच्या मुळाशी असलेली अर्धचंद्राकृती झडप आत खोलवर आहे, उजव्या रकान्यापासून 6.3 सेंमी, आणि वरून 3.8 सेंमी. फुप्फुस शिरा रकान्यापासून 3 सेंमीवरच, वरून 4 सेंमी. झडप जराशी वर, म्हणून तिचे नाव आधी. पण वर शीर्षक आणि आणखी दोन नावे असल्यामुळे आता मोकळ्या जागा उरल्या आहेत त्या 5 आणि 6 सेंमीवर. झडपेला 5 आणि शिरेला 6 दिली की रेघा छेदतात. काढून पाहा.

उपाय सोपा आहे : दोन नावांची अदलाबदल करा. शिरा 5 वर, झडप 6 वर. छेद गेला, आणि दोन्ही रेघांची मिळून लांबी सुमारे 10 सेंमीवरून 9.8 वर आली. हा योगायोग नाही. छेदणाऱ्या दोन सरळ रेघांची टोके बदलली की बेरीज कमीच होते, कारण त्रिकोणाच्या दोन बाजू मिळून तिसरीपेक्षा मोठ्या असतात. त्यामुळे अदलाबदल करत राहिलात तर ती कधीतरी थांबतेच, अनंतकाळ फिरत राहत नाही. ‘एक सोडवली की दुसरी अडकते’ असे वाटते ते नाव भलत्याच जागी हलवल्यामुळे. नव्या जागा शोधू नका, आहेत त्याच जागा आपसात बदला.

पहिल्याच फटक्यात बरोबर क्रम हवा असेल तर पट्टी घ्या. आधी त्या बाजूला जितके ठिपके तितक्या नावांच्या जागा आखा. उजव्या रकान्यातल्या सर्वांत वरच्या जागेवर पेन्सिलीचे टोक टेकवा, पट्टीची कड त्याला लावून सरळ वर धरा आणि हळूहळू आकृतीकडे झुकवत खाली आणा. कडेला जो ठिपका पहिला लागेल, त्याचे नाव त्या जागी. मग पुढची जागा, उरलेल्या ठिपक्यांसह तेच. पहिली रेघ काढली की उरलेले सगळे ठिपके आणि उरलेल्या सगळ्या जागा तिच्या खालच्याच बाजूला असतात, त्यामुळे नंतरची कोणतीही रेघ तिला ओलांडू शकत नाही. वरच्या उदाहरणात 5 सेंमीच्या जागेवरून पट्टी झुकवली तर शिराच आधी लागते, झडप नंतर. डाव्या रकान्यासाठी हेच उलट बाजूने.

पट्टीला एक गोष्ट कळत नाही : रेघ वाटेत कशावरून जाते. अलिंदासारख्या मोठ्या कप्प्यावरून गेली तर चालते, त्रिदली झडपेची रेघ उजव्या अलिंदातून जाणारच. पण दुसऱ्या झडपेवरून किंवा नळीवरून जाता कामा नये. तसे झाले तर आधी मोठ्या भागाचा ठिपका सरकवून पाहा. रेघेला कोपरा देणे हा शेवटचा मार्ग. कोपरे दिलेच तर सगळ्या रेघांना द्या आणि नावाजवळचा तुकडा आडवा ठेवा. इंकस्केपमध्ये रेघ काढताना `Ctrl` दाबून धरले की ती 15 अंशांच्या टप्प्यांनीच वळते, त्यामुळे आडवा तुकडा खरोखर आडवा येतो.

देवनागरीची एक खास अडचण इंग्रजी पुस्तकांतल्या नमुन्यांवरून कळत नाही. आडवी रेघ शिरोरेषेच्या उंचीवर येऊन टेकली तर ती शिरोरेषेचाच भाग वाटते आणि नाव रेघेला लोंबकळते. रेघ अक्षराच्या उंचीच्या मध्यावर आणा आणि नावाच्या अलीकडे 2 मिमी थांबवा. ‘ऊर्ध्व महाशिरा’मध्ये वर रफार आहे आणि वेलांटीही, ‘फुप्फुस’मध्ये खाली दोन उकार, म्हणून दोन ओळींची नावे एकमेकांखाली आली तर इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागते. डाव्या रकान्यातली नावे उजव्या कडेला जुळवा (`Align and Distribute`), नाहीतर लहान नावापर्यंत रेघ फारच लांब जाते.

रेघेला बाणाचे टोक नको. हृदयाच्या आकृतीत बाण रक्ताच्या दिशेसाठी लागतो. नावाच्या रेघेलाही बाण दिला तर मुले महाशिरेतून रक्त बाहेर चालले आहे असे वाचतात. टोकाला लहान ठिपका पुरे. निलयाची भिंत गडद रंगवली असेल तर काळी रेघ तिथे बुडते. ती रेघ `Ctrl+D` ने दुहेरी करा, खालची प्रत पांढरी आणि तिप्पट जाड ठेवा.

छापण्याआधी सगळी नावे लपवून फक्त रेघा ठेवा आणि विषय माहीत असलेल्या कोणाला तरी एकेक रेघ कशावर टेकते ते सांगायला लावा. जिथे ते ‘हे की ते?’ म्हणून थबकतील, तिथला ठिपका सरकवायचा. मग काळी-पांढरी झेरॉक्स 70 टक्क्यांवर काढून पाहा. अर्धचंद्राकृती झडपा त्या आकारात हमखास मिटतात. त्या दाखवायच्याच असतील तर मुख्य आकृतीत त्यांना रेघ न देता, बाजूला गोलात तेवढाच भाग मोठा काढा आणि झडपेचे नाव तिथे द्या.