एक जास्तीचं पाऊल

प्रिय मित्रा,

शिबिराच्या शेवटच्या रात्री शेकोटीपाशी भुताची गोष्ट तुला सांगायची आहे आणि ऐकणारी मुलं तेरा ते सोळा वर्षांची आहेत, असं तू लिहिलंस. या वयाची मुलं भुताच्या वर्णनाला घाबरत नाहीत. पांढरी साडी, उलटे पाय म्हटलंस की खिदळायला लागतात. त्यामुळे भूत दाखवूच नकोस, त्याचा फक्त आवाज ऐकव. तोही एकच, दहा नकोत.

कोकणात आणि गोव्यात वेताळाला वहाणा वाहतात, हे तुला ठाऊक असेलच. रात्री तो गावाची फेरी मारतो आणि त्या झिजतात, अशी समजूत आहे. यातून आपली गोष्ट निघते. पैजेपायी एक पोरगा देवळातल्या नव्या वहाणा पायात घालून घरी निघतो. कोरं चामडं कर्र-कर्र वाजतं. चार पावलं चालून तो थांबतो, आणि तो थांबल्यावर मागे आणखी एक कर्र वाजते. एवढंच भूत पुरे.

हा आवाज आधी मुलांना शिकवावा लागतो. पहिल्या खेपेला तू तोंडानेच काढ: कर्र, कर्र, कर्र, कर्र. प्रत्येक पावलामध्ये एक श्वास जाऊ दे. मग ‘तो थांबला’ म्हण आणि लगेच पाचवी कर्र दे. दुसऱ्या खेपेला थांबल्यावर दोन श्वास जाऊ देत, मग पाचवी. तिसऱ्या खेपेपर्यंत मुलं मनात मोजायला लागलेली असतात. तेव्हा चार पावलं टाक, थांब आणि पाचवं देऊच नकोस. मनात सावकाश आठपर्यंत मोज. सांगणाऱ्यालाच ही शांतता सोसत नाही आणि तो तिसऱ्या आकड्याला बोलून मोकळा होतो. गोष्ट बहुतेक वेळा इथेच पडते. कोणी फिसकन हसलं तर हसू दे, नजरही वळवू नकोस. भीतीचं हसू आपोआप विरतं. दटावलंस तर मात्र ते सगळ्यांना लागतं. आठ झाले की पाचवी कर्र येते, पण तुझ्या तोंडून नाही, मुलांच्या पाठीमागून.

त्यासाठी एक साथीदार लागेल. त्याला कोऱ्या कोल्हापुरी चपलांची जोडी दे. एकाचा तळ दुसऱ्यावर दाबून सावकाश पिळला की हवा तो आवाज निघतो. दव लागलं की चामडं मऊ पडून मुकं होतं, म्हणून चपला कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवायला सांग. हा आवाज फार लांब जात नाही. साथीदार मुलांच्या मागे पाच-सहा पावलांवरच हवा, आणि वारा त्याच्याकडून मुलांकडे वाहत असावा. मुलं येण्याआधीच तो बसलेला असावा, मोबाइल बंद. जागा दिवसाउजेडी पाहून ठेव. कडा, विहीर किंवा उंच गवत जवळ नको. शिबिरप्रमुखांना सगळं आधी सांगून ठेव.

जाळ हाही आवाजच आहे, हे सहसा विसरलं जातं. भडकलेल्या शेकोटीच्या तडतडीत कर्र बुडून जाईल. गोष्टीच्या पाऊण तास आधी जाळ पेटव, म्हणजे बोलायला बसेपर्यंत निखारे झालेले असतील. मग नवं लाकूड घालू नकोस. बांबू तर मुळीच नको. त्याची पेरं बंदुकीसारखी फुटतात आणि मुलं भलत्याच ठिकाणी दचकतात. सगळं जमवून निखाऱ्यांपाशी बसून एकदा तालीम कर.

आता बोलण्याबद्दल. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं आणि तिथेच आपला श्वास संपतो. ‘दाराशी कुणीतरी उभं होतं’ यातलं ‘उभं होतं’ गिळलं जातं आणि मागच्या रांगेतला विचारतो, ‘काय म्हणाला?’ म्हणून शेवटच्या शब्दांआधी श्वास घे: ‘दाराशी कुणीतरी... उभं होतं.’ श्वासही मिळतो आणि ताणही आयता वाढतो. आवाज हळूहळू खाली आण, पण कुजबुजू नकोस. सगळ्यात लांबच्या मुलाला ऐकू येईल, ती तुझी खालची हद्द. सगळं मिळून बारा-पंधरा मिनिटांत आटप.

पाठीमागच्या कर्रनंतर साथीदाराने पुढे यायचं नाही, ओरडायचं नाही, कोणाला हात तर मुळीच लावायचा नाही. अंधारात दचकून उठलेलं मूल निखाऱ्यात पडू शकतं, म्हणून बसण्याचं कडं शेकोटीपासून तीन पावलं लांब आख.

आणखी एक. वेताळ ज्या गावाचा देव आहे तिथे शिबिर असेल तर त्याचं नाव घेऊ नकोस. नुसतं ‘गावच्या सीमेवरच्या वहाणा’ म्हटलंस तरी भागतं.

मुलांकडे बघत राहा. कोणी कान झाकले, गुडघ्यात डोकं घातलं किंवा रडवेलं झालं, तर शेवट गाळ. आवाज नेहमीच्या पट्टीत आण आणि ‘पोरगा घरी पोचला, आजीने धपाटा घातला’ म्हणून संपव. साथीदाराशी त्यासाठी आधीच एक खूण ठरव: तू टॉर्च लावलास की त्याने गप्प राहायचं. आणि झोपायच्या वेळी जे पोर तंबूबाहेर घुटमळेल, त्याला बाजूला घेऊन चपला त्याच्याच हातात दे आणि पिळायला सांग.

तुझा,
काका